धारित्रात ऊर्जा ‘कडेने’ येते, ‘कडेतून’ की ‘फटीतून’?

वाशीची मास्तरीण: बारावीच्या टिपणांत एका वाक्याशी अडले आहे: ‘धारित्र भारित होताना ऊर्जा त्यात कडेने येते.’ ‘कडेने’ म्हटलं की मुलांना ‘रस्त्याच्या कडेने चाला’ आठवतं, म्हणजे कडेला धरून, तिच्या लगत. मला सांगायचंय की ऊर्जा बाहेरून, चहूबाजूंनी प्लेटांमधल्या जागेत येते. ‘कडेतून’ लिहू का?

घोडबंदरकर: दोन्ही शब्द चुकीचे वाटतात. भार तारेतून प्लेटवर येतो, मग ऊर्जाही तारेतूनच आली ना? मधे निर्वात असेल तर तिथून काय येणार! आणि ऊर्जेच्या प्रवाहासाठी सांगतात तो पॉइंटिंग सदिश म्हणजे फक्त दिशा दाखवणारा बाण, नावच ते सांगतं.

खाडीकाठ, ठाणे: नाव जॉन हेन्री पॉइंटिंग यांचं आहे, त्यांनी १८८४ साली हा विचार मांडला. दिशा दाखवण्याशी त्या नावाचा संबंध नाही. भार तारेतून येतो हे तुमचं अगदी बरोबर. ऊर्जेची वाट मात्र विद्युत क्षेत्र E आणि चुंबकीय क्षेत्र H यांवरून ठरते, पॉइंटिंग सदिश S = E × H. ती एकदा आकडे घालून बघाच.

५ सेंमी त्रिज्येच्या दोन गोल प्लेटा, मधे २ मिमी हवा. तारेत १ मिलिअँपिअर प्रवाह चालू आहे आणि या क्षणी व्होल्टेज १०० आहे. विद्युत क्षेत्र झालं ५०,००० व्होल्ट प्रति मीटर, धन प्लेटकडून ऋण प्लेटकडे सरळ. ते वाढत असतं, म्हणून मधल्या जागेत भार वाहत नसूनही त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. कडेपाशी त्याचं मान १ मिलिअँपिअरला परिघाने भागून येतं, साधारण ०.००३२ अँपिअर प्रति मीटर. एक उभं, एक परिघालगत, म्हणून सदिश गुणाकार दोघांनाही काटकोनात, थेट अक्षाकडे. मान सुमारे १५९ वॅट प्रति चौरस मीटर.

आता दोन कडांमधल्या फटीचं क्षेत्रफळ घ्या, परिघ गुणिले २ मिमी. त्याने गुणलं की ०.१ वॅट. आणि व्होल्टेज गुणिले प्रवाह? तेही ०.१ वॅटच. सगळा हिशेब फटीतच पुरा झाला, प्लेटमधून यायला काही उरलंच नाही.

घोडबंदरकर: हे पटलं. पण प्लेटा उलट्या जोडल्या तर ऊर्जा बाहेर जाईल?

खाडीकाठ, ठाणे: नाही. तेव्हा दोन्ही क्षेत्रं उलटतात, गुणाकार आतच राहतो. धारित्र रिकामं होताना मात्र फक्त चुंबकीय क्षेत्र उलटतं, आणि ऊर्जा त्याच फटीतून बाहेर पडते.

ऐरोलीचा वायरमन: माझ्याकडे पंख्याचे कपॅसिटर येतात, कडेला फुगलेले. ती ही ऊर्जा कडेतून गळाल्यामुळेच का?

खाडीकाठ, ठाणे: नाही दादा, ते वेगळं. फुगतो तो आत तापून वायू धरल्यामुळे. इथे गळती नाही, धारित्र धडधाकट असतानाची ये-जा आहे.

वाशीची मास्तरीण: मुलं हमखास विचारतात, की ऊर्जा बाहेरून आली तर कडेला जास्त आणि मधे कमी साठेल ना?

खाडीकाठ, ठाणे: अक्षाकडे जाऊ तसं चुंबकीय क्षेत्र त्रिज्येच्या प्रमाणात घटतं, त्यामुळे ऊर्जेचा प्रवाहही घटतो. अडीच सेंमीवर एक काल्पनिक नळकांडं धरा. तिथे प्रवाह निम्मा आणि बाजूचं क्षेत्रफळही निम्मं, म्हणून आत जाते पाव शक्ती. त्या नळकांड्याचं आकारमानही एकूण जागेच्या पावच आहे. म्हणजे वाटेत प्रत्येक जागेला तिचा वाटा मिळत जातो आणि साठा सगळीकडे सारखा होतो. मात्र हे सगळं फट त्रिज्येपेक्षा बरीच लहान असताना. प्लेटा लांब नेल्या की कडेपाशी विद्युत क्षेत्र बाहेर फुगतं आणि हा सोपा हिशेब ढिला पडतो.

वाशीची मास्तरीण: मग ‘कडेतून’ही नको. कड प्लेटच्या धातूची असते आणि ऊर्जा धातूतून येतच नाही. असं लिहिते: ‘ऊर्जा दोन प्लेटांच्या कडांमधल्या फटीतून आत शिरते.’

घोडबंदरकर: ‘फटीतून’ पटलं. ‘शिरते’ नाही. S मध्ये असा दुसरा सदिश मिळवता येतो, ज्याचा कुठल्याही बंद पृष्ठभागावरचा एकूण हिशेब शून्य असतो. मग पडताळता येते ती बेरीज. अमुक बिंदूतून ऊर्जा शिरली असं छातीठोक कसं म्हणायचं?

खाडीकाठ, ठाणे: गणिताने तुमचा मुद्दा खरा आहे. तरी मी ‘शिरते’च ठेवीन. प्रकाश जी ऊर्जा आणतो तीही याच S ने मोजतो, आणि तिथे ‘येते’ म्हणायला कुणी कचरत नाही.

घोडबंदरकर: प्रकाशाचं समजलं, तिथे लाट सरकते. स्थिर भारापाशी चुंबक नुसता ठेवला तरी E × H शून्य नसतो, गोल फिरतो. तिथेही ‘वाहते’ लिहाल?

वाशीची मास्तरीण: तो वेगळा धागा व्हायला हवा. टिपणात सध्या ‘शिरते’ ठेवते, आणि समासात तुमची शंका लिहिते.