फेरीत एक गाडी मध्येच घुसली: नुकसान नक्की कुणाचं?

दिवाडची सून: काल संध्याकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर दिवाड बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाडी घेऊन रांगेत होते. एक गाडी उजव्या बाजूने पुढे आली आणि पुढच्या एकाने ओळखीचा म्हणून हात दाखवून तिला आपल्या पुढे घेतलं. फेरी भरली, आडवी दोरी नेमकी माझ्या गाडीसमोर लागली. मी बोलले तर तो म्हणतो, "मी माझ्या पुढे घेतलाय, तुमचं काय गेलं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय म्हणाल?

फोंडेकर: राग समजतो, पण एका गाडीने असा कितीसा फरक पडतो? मागचे सगळे एकेक जागा सरकले, म्हणजे प्रत्येकाचं मिनिट-दोन मिनिटं गेलं. छोट्या गावात एवढी ओळख चालायचीच. उद्या तुमच्याही घरी घाई असेल.

धक्क्यावरचा: फोंडेकर, बँकेच्या खिडकीवर तुमचा हिशेब बरोबर आहे. तिथे एकजण घुसला की मागच्या प्रत्येकाचा थोडा थोडा वेळ जातो. फेरी मात्र एकेक गाडी नेत नाही, भरून नेते. मी बरीच वर्षं धक्क्यावर गाड्या लावून घेतल्या आहेत, त्यामुळे हे रोज पाहिलंय.

सोपे आकडे धरू. फेरीत दहा गाड्या मावतात, रांगेत सव्वीस आहेत, एका खेपेला वीस मिनिटं लागतात. सत्ताविसावा आला आणि तिसऱ्या जागी घुसला. तीन ते नऊ नंबरचे त्याच फेरीत गेले, त्यांचं काहीच बिघडलं नाही. दहावा राहिला. पुढच्या खेपेला विसावा राहिला. बाकी सगळे आपापल्या ठरलेल्या खेपेलाच गेले. म्हणजे दोघांची वीस-वीस मिनिटं गेली आणि घुसणाऱ्याची बरोबर चाळीस वाचली.

ज्याने हात दाखवला त्याचं तर एक मिनिटही गेलं नाही. त्याने दुसऱ्याच्या खिशातून दान केलं. मित्राची एवढी काळजी होती तर आपली जागा त्याला द्यायची आणि स्वतः गाडी वळवून शेपटाला लावायची. मग कुणी चकार शब्द काढला नसता.

स्कूटरवाला: आता आम्हा दुचाकीवाल्यांना नावं ठेवणार वाटतं! आम्ही कडेने पुढे जातो, पण ती आमची पद्धतच आहे. मला आठ वाजता पणजीत हजर व्हावं लागतं. गाड्यांच्या मागे उभा राहिलो तर नोकरी जाईल.

धक्क्यावरचा: बाबा, तुमचा विषयच नव्हता. दुचाकी गाड्यांमधल्या फटीत आणि कडेला बसते, ती रांग वेगळी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली. पण खरं सांगायचं तर सकाळी दुचाक्या फार झाल्या की एक-दोन गाड्यांची जागा जातेच. तिथे काय न्याय करावा, हे मला आजवर नीट सुटलेलं नाही.

माडाखाली: माझं मत वेगळं आहे. आम्हाला पूल नाही. रविवारी फिरायला आलेल्यांच्या गाड्यांमागे दिवाडच्या माणसाने भर उन्हात का थांबायचं? गावकरी पुढे गेला तर मी त्याला घुसखोर म्हणणार नाही.

मास्तरीण: गावकऱ्यांना आधी, असा नियम करा, मी पाठिंबा देईन. धक्क्यावर फलक लावा, म्हणजे येणाऱ्याला रांगेत उभं राहण्याआधीच कळेल. रुग्णवाहिकेला आपण वाट देतोच, कारण ती सवलत उद्या आपल्यालाही मिळणार असते. ओळखीवर मिळणारी सवलत ज्याची ओळख नाही त्याला कधीच मिळत नाही. आणि काल मागे राहिली तीही दिवाडचीच होती ना?

आणखी एक. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांनी न्यूयॉर्कमध्ये रांगांत मुद्दाम माणसं घुसवून पाहिली, निबंध 1986 साली आला. आक्षेप बहुतेक मागच्यांनी घेतला, पुढच्यांनी क्वचित. ज्याचं जातं तोच बोलतो. पण फेरीत विसाव्याला कळतच नाही की आपलं काही गेलं. मग त्याच्या वतीने कुणी बोलायचं?

फोंडेकर: दोघांवरच सगळा भार पडतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी भर धक्क्यावर कुणाशी तोंड लावणं मला जमणार नाही. दोरी धरणाऱ्याने सांगावं, त्याचं ऐकतात.

दिवाडची सून: काल त्याने पाहिलं होतं, बोलला नाही. मी नंतर गाडीतून उतरून मागे नजर टाकली. माझ्यामागे नववा-दहावा असा मासळीचा टेंपो होता, खालून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. पुढच्या खेपेला मी चढले तेव्हा दोरी त्याच्यासमोर लागली.