सल्ला हवा: मासिक सभेसाठी एकाच स्लाइडवर सगळे आकडे, बाण आणि रंग

मृण्मयी_क
नमस्कार. मी एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात काम करते. दर महिन्याच्या संचालक मंडळाच्या सभेत आम्ही अठरा-वीस स्लाइडांचे तक्ते दाखवतो आणि तिसऱ्या तक्त्यानंतर चहा येतो. नवे अध्यक्ष म्हणाले, "पहिल्या स्लाइडवर सहा आकडे मोठ्ठे दिसले पाहिजेत. वर गेलं की खाली ते बाणाने कळावं, आणि काळजीचं काय ते रंगाने."

आकडे असे आहेत (खरे बदलून लिहितेय). एप्रिलअखेर ठेवी 142.6 कोटी, कर्जे 98.4 कोटी, सीडी रेशो म्हणजे ठेवींच्या तुलनेत कर्जे 69 टक्के, ढोबळ एनपीए म्हणजे एकूण कर्जांतला थकीत वाटा 6.8 टक्के. शिवाय महिन्याची वसुली आणि नफा. मार्चअखेर ठेवी 145.3 होत्या आणि एनपीए 5.9. एक्सेल आणि पॉवरपॉइंट एवढंच हाताशी आहे. बाण कसे काढायचे, रंग कोणत्या हिशेबाने द्यायचे? पहिला मसुदा केला तर जवळजवळ सगळी स्लाइड लाल झाली.

शेअरवाला_नाना
यात अवघड काय आहे? वाढलं की हिरवा वरचा बाण, घटलं की लाल खालचा. टीव्हीवर बाजाराचे भाव असेच दाखवतात, सगळ्यांना सवय आहे. वेगळं काही केलंत तर संचालक गोंधळतील.

कोयनाकाठ
नाना, ठेवींना ते लागू पडेल. एनपीए वाढला तर हिरवा बाण दाखवणार का?

शेअरवाला_नाना
मग एनपीएपुरतं उलटं करा. खाली हिरवा, वर लाल.

डेटा_दिगंबर
पॉवर बीआय घ्या. केपीआय कार्ड, म्हणजे एकेका आकड्याची चौकट, तयार मिळतात, रंगाचे नियम आत भरता येतात, रोज आपोआप ताजं होतं. पॉवरपॉइंटमध्ये हातानं बाण काढण्यात 2 तास घालवू नका.

मृण्मयी_क
दिगंबर, आमच्या सभागृहातल्या संगणकावर इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. स्लाइडच पाहिजे.

अनंत_लेखापाल
सहकारी बँकांच्या मंडळांपुढे बरीच वर्षं आकडे मांडतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे बाण आणि रंग यांची कामं वेगळी ठेवा. बाणाने फक्त आकडा कुठे सरकला ते सांगायचं. रंगाने सांगायचं ते आपण ठरवलेल्या मर्यादेत आहोत की नाही. नानांची पद्धत ही दोन्ही कामं एकाच खुणेवर टाकते, त्यामुळे एनपीए 9 वरून 8.8 वर आला तरी हिरवं दिसतं. 8.8 मध्ये हिरवं काहीच नाही. मी बाण नेहमी करडा ठेवतो आणि रंग कार्डाच्या डाव्या कडेच्या जाड पट्टीला देतो. मग "सुधारतंय, पण अजून वाईट आहे" हे एका नजरेत वाचता येतं. मंडळाने चर्चा करायची ती बहुतेक वेळा याच कार्डावर.

दुसरं म्हणजे तुमची स्लाइड लाल का झाली. तुम्ही एप्रिलची तुलना मार्चशी केलीत. मार्चअखेरीला शाखा जीव तोडून ठेवी आणतात, वसुलीची माणसं घरोघर फिरतात, आणि एप्रिलमध्ये ठेवी निघून जातात, थकबाकी पुन्हा वर येते. हे दरवर्षीचं आहे. मागच्या एप्रिलचे आकडे काढून बघा. ठेवी तेव्हा किती होत्या?

मृण्मयी_क
मागच्या एप्रिलअखेर ठेवी 128.1 कोटी, कर्जे 86.0 कोटी, एनपीए 7.4 टक्के.

अनंत_लेखापाल
बघा. मार्चशी तुलना केली तर ठेवी 2.7 कोटींनी खाली, गेल्या एप्रिलशी केली तर 14.5 कोटींनी वर, म्हणजे सुमारे 11.3 टक्के वाढ. एकाच आकड्याचे दोन उलटे बाण. म्हणून बाणाशेजारी "एप्रिल ते एप्रिल" असं बारीक अक्षरात छापलंच पाहिजे. त्याशिवाय बाणाला काही अर्थ नाही.

आता एनपीए. 7.4 वरून 6.8, बाण खाली, सगळे खूश. पण रक्कम काढा. 86 कोटींचे 7.4 टक्के म्हणजे 6.36 कोटी. 98.4 कोटींचे 6.8 टक्के म्हणजे 6.69 कोटी. थकीत रक्कम 33 लाखांनी वाढली आहे! टक्का उतरला तो खाली भागायला कर्जांचा आकडा मोठा मिळाला म्हणून. नवी कर्जं पहिल्या वर्षात सहसा थकत नाहीत, त्यामुळे कर्जवाटप जोरात असताना एनपीएचा टक्का फसवा दिसतो. या कार्डावर मोठा आकडा 6.8% ठेवा, पण त्याखाली "6.69 कोटी ▲" ही ओळ हवीच. जागेसाठी दुसरं काही काढा.

कोयनाकाठ
हे पटलं. आमच्याकडे एका अहवालात एनपीए 5.9 वरून 6.8 झाल्यावर कोणीतरी "15% वाढ" असं लिहिलं होतं. गणिताने बरोबर, पण संचालकांना वाटलं एनपीए 15 टक्के झाला. टक्क्यांमधला फरक "0.9 अंकांनी" असाच लिहावा.

गृहसंकुल_सचिव
आमच्या सोसायटीत देखभाल शुल्काच्या थकबाकीची अशीच पाटी लावायची आहे, फ्लॅट नंबरासकट, लाल-हिरव्या रंगात. यातलं कोणतं टेम्प्लेट वापरू? नोटीस बोर्डावर लावली तर कायदेशीर अडचण येईल का?

कोयनाकाठ
सचिवसाहेब, त्याला वेगळा धागा काढा. इथे संस्थेचे एकूण आकडे चाललेत, माणसांची यादी नाही.

मृण्मयी_क
अनंतकाका, थकीत रकमेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. रंगाच्या मर्यादा कुठून आणायच्या? आणि एक्सेलमध्ये बाण आपोआप येतील का?

अनंत_लेखापाल
मर्यादा तुम्ही ठरवायच्या नाहीत. मंडळाने वर्षाच्या सुरुवातीला ठराव करून ठरवायच्या आणि मार्चपर्यंत हात लावायचा नाही. समजा एनपीए 5 पर्यंत हिरवा, 5 ते 7 पिवळा, त्यापुढे लाल. मग तुमचा 6.8 पिवळा.

सीडी रेशोला मात्र दोन्ही बाजूंनी धोका असतो. कमी असेल तर ठेवींवर व्याज देतोय आणि पैसा पडून आहे. फार वर गेला तर ठेवीदार दारात आल्यावर हातात रोकड नाही. रेशो B4 मध्ये असेल तर त्याचं सूत्र असं (मर्यादा तुमच्या घाला):

```
=IF(AND(B4>=65%,B4<=72%),"ठीक",IF(AND(B4>=60%,B4<=75%),"लक्ष","तातडी"))
```

याच्या उत्तरावर कंडिशनल फॉरमॅटिंगने रंग द्या.

पुणेरी_पिव्होट
बाणांचं मी सांगतो. एक्सेलचे रंगीत आयकॉन सेट वापरू नका, त्यात बाण आणि रंग एकत्र येतात आणि काकांनी सांगितलेलं सगळं बिघडतं. फरकाच्या सेलला कस्टम नंबर फॉरमॅट द्या:

```
▲ 0.0;▼ 0.0;"स्थिर"
```

पहिला भाग वाढीला, दुसरा घटीला, तिसरा शून्याला. एक खोच आहे. फरक 0.04 असेल तर एक्सेलच्या दृष्टीने तो शून्य नाही, त्यामुळे सेलमध्ये "▲ 0.0" असं विचित्र दिसतं. म्हणून फरक आधी गोल करून घ्या, म्हणजे तिथे "स्थिर" येईल:

```
=ROUND((B4-C4)*100,1)
```

हे टक्क्यांच्या सेलसाठी, B4 मध्ये यंदाचा आणि C4 मध्ये मागच्या एप्रिलचा आकडा धरून. कोटींच्या आकड्यांना `*100` नको.

स्लाइडवर नेताना सेल कॉपी करून `Paste Special` मध्ये `Paste link` निवडा आणि `Microsoft Excel Worksheet Object` घ्या. पुढच्या महिन्यात एक्सेल बदललं की स्लाइड उघडताना ती लिंक ताजी करायची का ते विचारते. स्क्रीनशॉट चिकटवलात तर मागच्या महिन्याचा एक आकडा कधीतरी राहून जाणार, आणि तो नेमका संचालकांनाच दिसणार. फाइल मेलने पाठवण्याआधी `File > Info > Edit Links to Files` मध्ये जाऊन लिंक तोडा, नाहीतर समोरच्याकडे ती एक्सेल सापडत नाही.

चाकणचा_सुपरवायझर
कारखान्यातला अनुभव सांगतो. आमच्याकडे रिजेक्शनचं कार्ड लागोपाठ लाल यायला लागलं, तेव्हा वरून निरोप आला की मर्यादा जरा "वास्तववादी" करा. पुढच्या महिन्यात तेच रिजेक्शन पिवळं. स्लाइड सुंदर, माल तसाच. काकांचं ठरावाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण ठराव करणारेच बदल करायला बसले तर काय करणार?

अनंत_लेखापाल
त्याला माझ्याकडे पक्का उपाय नाही. मर्यादा बदललीच तर त्या कार्डावर "मर्यादा बदलली: ऑगस्ट" असं वर्षभर छापून ठेवतो, एवढंच करता येतं.

विदर्भकन्या
दिसण्याबद्दल दोन गोष्टी. मोठा आकडा 54 पॉइंट, नाव 20, बाणाची ओळ 16, त्याहून लहान काही नको. आणि जुन्या प्रोजेक्टरवर पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिसतच नाहीत, म्हणून पिवळा फक्त पट्टीला, अक्षरं काळीच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्धे संचालक हातात झेरॉक्स घेऊन बसतात. काळ्या-पांढऱ्यात लाल आणि हिरवा सारखेच करडे होतात, आणि काहींना रंगीत स्लाइडवरही त्यातला फरक कळत नाही. पट्टीवर "ठीक", "लक्ष", "तातडी" हे शब्द लिहाच. मराठी युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटातलं नाव सभागृहाच्या संगणकावर भलतंच उमटतं.

शेअरवाला_नाना
करडा बाण मला अजूनही मेलेला वाटतो. लोकांना रंगीत बाण बघायचा असतो.

मृण्मयी_क
मसुदा झाला. 2 ओळींत 3-3 कार्डं, पट्टीवर शब्द, बाण करडे (नाना, माफ करा), एनपीएखाली थकीत रक्कम. मर्यादांचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगितलं आहे. तोपर्यंत पट्ट्या बिनरंगी.

वसुलीचं अजून ठरत नाही. मार्चची वसुली इतकी मोठी असते की वर्षभर बाकीचे महिने तिच्यापुढे खुजे दिसतात, आणि एप्रिल ते एप्रिल घेतलं तर दोन्ही आकडे इतके लहान की एक मोठा खातेदार भरून गेला तरी बाण उड्या मारतो.

पुणेरी_पिव्होट
12 महिन्यांची चालती बेरीज दाखवा. दर महिन्याला एक महिना आत, एक बाहेर. मार्च नेहमी त्यात असतोच.

कोयनाकाठ
पण मग या महिन्यात वसुली झोपली हे संचालकांना कळायला बराच वेळ लागेल. मी दोन्ही आकडे ठेवेन.

विदर्भकन्या
दोन्ही ठेवलेत तर ते सातवं कार्ड होईल हो. अध्यक्षांनी सहाच सांगितलेत.