शब्दचर्चा : ‘पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा’

रंकाळेकरीण : आमच्या बागप्रेमी मंडळाच्या सप्टेंबरच्या वार्तापत्रात वाढ आणि वाट पाहणं या विषयावर ऋतूंच्या म्हणी घ्यायच्या आहेत. ‘पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण मला घ्यायचीच आहे, पण अर्थावर अडलं आहे. कुत्रा भात का खात नाही? भात चांगला म्हणायचा की वाईट?

गच्चीबाग : वाईट. पावसात भिजलेलं भात काळं पडतं, कुबट वास येतो, त्याला कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही. गावाकडं मी डोळ्यांनी बघितलंय.

राधानगरीकर : तुम्ही बघितलं ते खरं आहे, पण ते कापणीच्या पावसाचं. उत्तरा लागते 13 सप्टेंबरच्या आसपास आणि 26 पर्यंत चालते. तेव्हा आमच्याकडं भात कापणीला नसतं, पोटरीत असतं. म्हणीचा दुसरा भाग सांगा म्हणजे उलगडेल : ‘न पडल्या उत्तरा तर भात मिळेना पितरा.’ पाऊस झाला तर कुत्र्यालाही नकोसा होईल इतका भात, नाही झाला तर पितरांच्या पानावर वाढायलाही नाही.

रंकाळेकरीण : दुसरा भाग मी ऐकलाच नव्हता! पण काका, जून-जुलैचा एवढा पाऊस सोडून या दोन आठवड्यांवरच सगळं का?

राधानगरीकर : हिशोब करून बघा, ताई. मृगात, 10 जूनला तरवा टाकला, जुलैत रोप लावण केली. वाण साधारण 135 दिवसांचा धरा. तो 23 ऑक्टोबरच्या सुमाराला पिकणार. फुलोऱ्यापासून दाणा पक्व व्हायला महिनाभर लागतो, म्हणजे निसवायची वेळ आली 23 सप्टेंबरच्या आगेमागे. त्याआधीचे दहा-बारा दिवस लोंबी पानाच्या वेष्टनात दडलेली असते. बोटांच्या चिमटीत धरलं की ताट फुगीर, भरीव लागतं, तीच पोटरी. या दिवसांत खाचरातलं पाणी आटून भेगा पडल्या तर लोंबी नीट बाहेर पडत नाही, आली तरी दाणा भरत नाही. भरलेली लोंबी वाकते, पोकळ लोंबी ताठ उभी राहते. जुलैत पडलेल्या खंडातून भात फुटवे फुटून सावरतं. पोटरीतला खंड मात्र भरून येत नाही, म्हणून शेतकरी या पावसाची इतकी वाट बघतो.

एक सांभाळा. पांढरी, ताठ लोंबी दिसली की लगेच पावसावर ढकलू नका. हलकेच ओढून बघा. अलगद उपसून आली आणि बुडाशी कुरतडलेली असली तर ते खोडकिड्याचं काम. त्याला पळींज म्हणतात.

आजऱ्याची सून : पण हे सगळ्या भातांना लागू नाही हं, काका. हळवं भात उत्तरेच्या आधीच निसवलेलं असतं, आणि आमचं घनसाळ गरवं, ते मागाहून हस्तात येतं. म्हण निमगरव्या भाताची दिसते.

राधानगरीकर : बरोबर बोललात. माझा हिशोबही निमगरव्याचाच आहे.

नवा सभासद : माझ्या कुंडीतला कलमी आंबा दोन पावसाळे झाले तरी मोहरला नाही. उत्तरेचा पाऊस त्याला चालेल का?

आजऱ्याची सून : दादा, आंब्याचं उलटं असतं. पावसाळा संपल्यावर थोडा कोरडेपणा आणि थंडी मिळाली तर मोहोर येतो. आणि दोन वर्षांचं कलम असेल तर आलेला मोहोरही खुडून टाका, आधी झाड वाढू द्या.

शिरोळचा शाळूवाला : ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ पण घ्या, ताई. स्वाती ऑक्टोबरच्या शेवटाला. पाऊस झाला की सगळ्याच पिकांचं सोनं.

राधानगरीकर : सगळ्या नाही, पाहुणं. तुमचा शाळू तेव्हा गुडघाभर असतो, त्याला तो पाऊस मोत्यांचाच. आमचं भात त्याच वेळी कापून शेतात पसरलेलं असतं. गच्चीबागवाल्यांनी बघितलेलं काळं भात त्याच पावसातलं असणार.

गच्चीबाग : बरोबर, दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो तेव्हाचंच ते.

रंकाळेकरीण : म्हणजे स्वातीच्या म्हणीखाली ‘शाळूसाठी’ असं लिहायला हवं. पितरांबद्दल अजून एक शंका. पितृपक्षात नवं भात कापलेलंच नसतं, मग त्या पावसाचा पानाशी संबंध काय?

आजऱ्याची सून : पुढच्या वर्षीच्या पानाशी, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. पितृपक्ष तिथीवर चालतो, नक्षत्र सूर्यावर. 2023 ला अधिक श्रावण आला आणि पितृपक्ष उत्तरा संपल्यावर लागला.

गच्चीबाग : मला तर वाटतं ‘कुत्रा’शी यमक जुळावं म्हणूनच ‘पितरा’ आलं असेल.

राधानगरीकर : यमक आहेच, पण नुसतं यमकच हवं असतं तर दुसरे शब्दही होते. ऐन श्राद्धाच्या दिवसांत पाऊस ओढ देतो तेव्हा घरात हाच विषय असतो.

रंकाळेकरीण : दोन्ही मतं छापते. आणि ‘पडल्या उत्तरा’, ‘पडतील मघा’ असं अनेकवचन का, हे कुणाला ठाऊक असेल तर 5 तारखेपर्यंत कळवा. उत्तरेच्या सरी मनात धरून म्हणत असतील का?