लाल अक्षरातली उत्तरं आणि साधा मजकूर

निपाणीकर: मेलमध्ये तक्ते, रंग, ठळक अक्षरं कशाला? साधा मजकूर पाठवा, सगळीकडे सारखाच दिसतो. सजावटीची हौस असेल तर लग्नपत्रिका छापा.

उद्यमबाग फौंड्री: सारखाच? स्पेस मारून जुळवलेला भावतक्ता जीमेलमध्ये उघडून बघा. तिथं साधा मजकूरही कमी-जास्त रुंदीच्या अक्षरांत दिसतो, रकाने सरकतात. पण रंगावर भरवसा ठेवू नका, हे मीही म्हणतो. ग्राहकानं लिहिलं होतं, "कच्चं वजन 12 किलो धरलंय." आम्ही त्याच्याच ओळीपुढं लाल अक्षरात लिहिलं, "12.5 धरा." त्यांच्या खरेदीवाल्यानं साध्या मजकुरात रिप्लाय करून तो मेल पॅटर्नवाल्याकडं पाठवला. लाल रंग गेला, दोन्ही वाक्यं एकाच माणसाची वाटाय लागली. पॅटर्न जुन्या आकड्यावर सुरू झाला. तेव्हापासून उत्तर वेगळ्या ओळीवर, आधी नाव:

```
> कच्चं वजन 12 किलो धरलंय.

फौंड्री: 12.5 धरा.
```

टिळकवाडी: उगाच भांडालाय. रंग-तक्तेवाल्या एचटीएमएल मेलसोबत साधी प्रत आपोआप जाते की.

उद्यमबाग फौंड्री: बहुतेक वेळा जाते. पण ती प्रोग्राम बनवतो. तिच्यात रंग नसतो, आणि तक्त्याचे रकाने बऱ्याचदा एकाखाली एक पडतात. दर कुठला, नग किती, शोधत बसा.

खानापूर शाळा: माझा मेल तर कुणालाच वाचता येत नाही! श्रीलिपीतनं कॉपी केलेलं परिपत्रक मला नीट दिसतं, पालकांना नुसती इंग्रजी चिन्हं. हे एचटीएमएलमुळंच ना?

टिळकवाडी: तालुक्यातनं येणारी नुडीतली कन्नड पत्रंही तशीच! युनिकोड येऊन किती वर्षं झाली, तरी ऑफिसातली माणसं हटत नाहीत.

निपाणीकर: विषय मेलच्या मांडणीचा आहे, ऑफिसांचा नव्हे.

खानापूर शाळा: काका, मला वाचता येणारा मेल पाठवायचाय. त्याला विषय सोडणं म्हणता?

उद्यमबाग फौंड्री: बाई, दोष एचटीएमएलचा नाही. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. समोरच्याकडं तो फॉन्ट असेल तरच एचटीएमएलमध्ये नशिबानं दिसेल. साध्या मजकुरात फॉन्टचं नावच जात नाही, म्हणजे नक्कीच कचरा. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

निपाणीकर: बरं, तक्त्याचं मान्य. मग तुमचा एचटीएमएल तक्ता तरी टिकतो का? विंडोजवरचं जुनं आऊटलुक 2007 पासून वर्डच्या इंजिनावर मेल दाखवतं, ब्राउझरमधली मांडणी तिथं मोडते.

उद्यमबाग फौंड्री: मोडते. म्हणून साधा टेबल, दोन-तीन रकाने, रुंदी ठरवून. खरी अडचण पुढं आहे. आऊटलुक ज्या रूपात मेल आला त्याच रूपात रिप्लाय उघडतं. एकानं साधा मजकूर केला की पुढची उत्तरंही साधीच. म्हणून दर आम्ही तक्त्यात देतोच, पण खाली एकेका मालाची एकेक ओळही लिहितो: माल, नग, दर.

निपाणीकर: एकच गोष्ट दोनदा? एका ठिकाणी दर बदलला आणि दुसरीकडं राहिला तर?

टिळकवाडी: पीडीएफ जोडा, मिटलं.

उद्यमबाग फौंड्री: पीडीएफमध्ये ग्राहक ओळीखाली उत्तर कुठं लिहिणार?