मदत हवी आहे: बीसी ग्रेड २ च्या प्लांट ट्रायलमध्ये एअर व्हॉइड्स कमी पडताहेत

४० मिमी जाडीच्या वेअरिंग कोर्ससाठी बीसी ग्रेड २, व्हीजी-३० चं मिक्स डिझाइन केलंय. लॅबमध्ये ५.५ टक्के बिटुमेनवर एअर व्हॉइड्स ४.०, व्हीएमए १५.२ आणि व्हीएफबी ७४ आला, म्हणजे सगळं मोर्थच्या मर्यादेत. प्लांट ट्रायलच्या मालात मात्र व्हॉइड्स २.७, व्हीएमए १४.१ आणि व्हीएफबी थेट ८१. स्टॅबिलिटी, फ्लो उत्तम आहेत, पण व्हॉइड्स ३ च्या खाली म्हटल्यावर जॉब मिक्सला मंजुरी मिळणार नाही, आणि उन्हाळ्यात ब्लीडिंग-रटिंगची भीती आहेच.

एक्स्ट्रॅक्शनमध्ये बिटुमेन ५.६ आलं, ते ±०.३ मध्ये बसतं. चाळण्याही टॉलरन्समध्ये आहेत. फक्त ७५ मायक्रॉन ५.० वरून ६.३ वर गेलंय. तेही ±१.५ च्या आतच, त्यामुळे कागदावर दोष कुठेच दिसत नाही! जीएमएम प्लांटच्याच मालावर पुन्हा काढला, मोल्ड्सना दोन्ही बाजूंनी ७५ ठोके दिले, तापमानही डिझाइनचंच. तेव्हा चाचणीतली चूक वाटत नाही. माझा संशय बॅगफिल्टरमधून परत येणाऱ्या धुळीवर आहे.

बिटुमेन उतरवायला फारशी जागा नाही, कारण किमान ५.४ ठेवावंच लागतं. तेवढ्यावर व्हॉइड्स जेमतेम ३ ओलांडतील, पण व्हीएफबी ७५ च्या आत येणार नाही.

बॅगफिल्टरची धूळ कमी करून त्याच जेएमएफवर पुन्हा ट्रायल घ्यावी, की ही धूळ धरूनच लॅबमध्ये ग्रेडिंग बदलून नवा जेएमएफ सादर करावा? तुम्ही धूळ कमी केली असेल, तर व्हीएमए खरंच परत वर आला का?