१४ की १७? सरांना हे पत्र पाठवू का?

वैतागलेली_टीई: उद्या सरांना खालचं पत्र द्यायचं आहे. वाचून सांगा, द्यावं की नको.

आदरणीय सर,
मिडसेमच्या पेपरात प्रश्न ३ (अ) ला मला ६ पैकी २ गुण मिळाले. पाच टप्प्यांची पाइपलाइन, फॉरवर्डिंग नाही, एकूण सायकल किती, असा प्रश्न होता. माझं उत्तर १४ आहे, मॉडेल आन्सरमध्ये १७. प्रत्येक डेटा हॅझर्डला मी २ स्टॉल घेतले, तिथे ३ घेतले आहेत. (ब) मध्ये फॉरवर्डिंग धरून माझं ९ हे उत्तर बरोबर दिलं आहे. मी या विषयाचा खूप अभ्यास केला होता आणि या ४ गुणांमुळे माझी ग्रेड खाली जाते. कृपया पुन्हा तपासावे, ही विनंती.

प्रश्नातला कोड:

```
lw  $t0, 0($s0)
add $t1, $t0, $s1
sub $t2, $t1, $t0
sw  $t2, 4($s0)
```

काटकोन: बिनधास्त दे. फॉरवर्डिंग नसेल तर लागोपाठच्या हॅझर्डला २ स्टॉल, हा नियमच आहे. पॅटरसन-हेनेसीत तसंच आहे. सर सरळसरळ चुकलेत.

जुना_मास्तर: नियम नाही हो, गृहीतक आहे. त्या पुस्तकात रजिस्टर फाइल सायकलच्या पहिल्या अर्ध्यात लिहिते आणि दुसऱ्या अर्ध्यात वाचते असं धरलं आहे. म्हणून `lw` पाचव्या सायकलला WB मध्ये असताना `add` त्याच सायकलला ID मध्ये नवी किंमत वाचू शकते. तसं धरलं नाही तर `add` ला सहाव्या सायकलपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे ३ स्टॉल. या कोडमध्ये एकामागे एक तीन हॅझर्ड आहेत. स्टॉल नसते तर ८ सायकल लागल्या असत्या. त्यात ६ मिळवले की १४, ९ मिळवले की १७. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता पत्राबद्दल. मी वीस वर्षं पेपर तपासले. गृहीतक लिहिलं नसेल तर मीही २ च दिले असते. विद्यार्थ्यानं मनात काय धरलं ते तपासणाऱ्यानं ओळखायचं का? आणि ‘खूप अभ्यास केला, ग्रेड जाते’ हे वाक्य आधी काढून टाका. ते वाचलं की पुढचा मुद्दा कितीही खरा असो, मास्तर मनातल्या मनात वही मिटतो.

काटकोन: मग प्रश्नात लिहायला नको होतं का? काय धरायचं हे पेपर काढणाऱ्यानं सांगायचं की उत्तर लिहिणाऱ्यानं?

जुना_मास्तर: वर्गात सांगितलं असेल तर पेपरात पुन्हा सांगायची गरज नाही. सांगितलं होतं का, हे त्यांनाच विचारा.

वैतागलेली_टीई: लेक्चरमध्ये हा विषय निघाला नव्हता, तीन जणींच्या वह्या बघितल्या. पण लॅबमध्ये सरांनी रजिस्टर फाइलचा व्हेरिलॉग दिला होता, तो असा:

```
always @(posedge clk)
  if (we) rf[wa] <= wd;
assign rd1 = rf[ra1];
```

आणि गृहीतक शब्दांत लिहिलं नाही, पण आकृतीत WB च्या चौकोनाचा डावा अर्धा आणि ID चा उजवा अर्धा रेघांनी भरला आहे. पुस्तकात असतो तसाच.

नर्मदेचा_गोटा: मला एक कळत नाही, `lw` च्या लगेच पुढच्या ओळीत `$t0` वापरलाच कसा? R2000 वर लोडनंतर हार्डवेअर थांबतच नसे. मध्ये `nop` घालायचं काम कंपायलरचं. आमच्या वेळी असा कोडच चूक धरला असता.

काटकोन: काका, प्रश्नात स्टॉल मोजायला सांगितलेत. म्हणजे हार्डवेअर थांबतंय हे आलंच त्यात.

लॅबवाला: हा व्हेरिलॉग बघून जुनी जखम उघडी पडली. आम्हीही `posedge` वरच लिहायचो. फॉरवर्डिंग, लोडचा स्टॉल, सगळं बसवलं. नव्वद टक्के टेस्ट पास, आणि एकच टेस्ट अशी की उत्तरात जुनी किंमत यायची. दोन रात्री गेल्या. शेवटी वेव्हफॉर्ममध्ये दिसलं की तीन ओळी मागच्या इन्स्ट्रक्शनचा निकाल चुकतोय. ती WB मध्ये असते त्याच सायकलला ही ID मध्ये वाचते, आणि पुढच्या सायकलला फॉरवर्ड करायला ती पाइपलाइनमध्ये उरलेलीच नसते. `posedge` चं `negedge` केलं आणि सुटलो. तुमच्या मार्कांशी याचा संबंध नाही म्हणा.

अर्धी_सायकल: लॅबवाला, संबंध आहे. सगळा वाद तुम्ही सांगितलं तिथेच आहे.

सरांच्या कोडमध्ये किंमत पाचव्या सायकलच्या शेवटच्या कडेला लिहिली जाते, दिसते सहाव्यात. म्हणजे (अ) चं १७ हवेतून आलेलं नाही, त्यांच्या लॅबमधल्या प्रोसेसरचं ते अचूक उत्तर आहे. आता तीच रजिस्टर फाइल घेऊन (ब) सोडवा. `lw` ची WB पाचव्या सायकलला. `add` एक स्टॉल खाऊन पाचव्याला EX मध्ये. म्हणजे `sub` पाचव्याला ID मध्ये, आणि तिला `$t1` सोबत `$t0` सुद्धा हवा आहे. `$t1` ची अडचण नाही, तो `add` कडून फॉरवर्ड होतो. `$t0` मात्र नुकताच लिहिला जातोय, `sub` च्या हाती जुनी किंमत लागते. सहाव्या सायकलला `sub` EX मध्ये जाते तेव्हा `lw` पाइपलाइनमधून बाहेर पडलेली असते आणि तिच्या जागी स्टॉलचा बुडबुडा असतो. फॉरवर्ड कुठून करणार? म्हणून `sub` ला आणखी एक सायकल थांबवावी लागते, आणि (ब) चं उत्तर १० येतं.

थोडक्यात, १४ आणि ९ ही एक जोडी, १७ आणि १० ही दुसरी. मॉडेल आन्सरमध्ये १७ आणि ९ आहेत. एकाच रजिस्टर फाइलवर ही दोन्ही उत्तरं येत नाहीत. पत्रात एवढंच लिहा, सोबत दोन्ही आकृत्या जोडा. मी किती अभ्यास केला हे मग सांगावं लागत नाही.

जुना_मास्तर: `sub` मधला `$t0` माझ्याही नजरेतून सुटला होता. त्या जागी `$s2` असता तर (ब) दोन्हीकडे ९ च आलं असतं आणि सरांची उत्तरसूची तंतोतंत जुळली असती. मला वाटतं (अ) लॅबवरून केलंय आणि (ब) पुस्तकावरून. असं होतं. मीही केलं आहे.

पण बाई, एक धोका लक्षात घ्या. सर म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं, (ब) चं उत्तर १० हवं’, तर तुमचे (ब) चे ४ पैकी ४ सुद्धा जातील. आणि फक्त तुमचे नाही, ज्यांनी ९ लिहिलंय त्या सगळ्यांचे.

काटकोन: हे अन्यायाचं आहे. ९ ला मार्क देऊन झालेत, आता काढून कसे घेणार?

जुना_मास्तर: निकाल लागायच्या आत काढता येतात. मी काढले नसते, दोन्ही जोड्या मान्य केल्या असत्या. पण मी तुमचा सर नाही.

चहाबाज: आमच्याकडे युनिव्हर्सिटीत आधी फोटोकॉपीला पैसे भरायचे, मग रिव्हॅल्युएशनला वेगळे. माझा गणिताचा एक पेपर सहा मार्कांनी वाढला होता, पण तोवर पुढचं सेमिस्टर संपलं होतं. अर्ज लगेच करा.

अर्धी_सायकल: हा मिडसेम आहे, सर समोरच बसतात.

वैतागलेली_टीई: पत्र बदललं. अभ्यासाचं आणि ग्रेडचं वाक्य काढलं. ‘(अ) मध्ये १७ आणि (ब) मध्ये ९ या दोन्ही उत्तरांसाठी रजिस्टर फाइलबद्दल काय गृहीत धरले आहे, हे समजून घ्यायचे आहे’ असं लिहिलं, आणि मागे `$t0` वर लाल गोल करून दोन आकृत्या जोडल्या. मैत्रिणीला दाखवलं. तिनंही (ब) ला ९ लिहिलंय. ती सकाळपासून माझ्याशी बोलत नाही.