मदत हवी आहे: जवस, चिया, तीळ खाऊन पोट जास्तच बिघडलंय

मृण्मयी_क
दीड महिना झाला, रोज सकाळी जवस, चिया आणि तीळ खातेय. पोट साफ व्हावं आणि कॅल्शियम मिळावं म्हणून सुरू केलं. झालं उलटंच. आता तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, दिवसभर गच्च वाटतं. आणि जवस जसेच्या तसे बाहेर पडतायत, चकचकीत तपकिरी. मग यातून मिळतंय तरी काय? नेमकं कसं खायचं ते सांगा. "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.

स्वाती_आहार
किती खाता? भाजून की कच्चे? अख्खे की कुटून? चिया भिजवता का? दिवसभरात पाणी किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सुमनमावशी
अगं, अळशी म्हणजे बाळंतिणीची ना? माझ्या सुनेला मी नारळ-गूळ घालून लाडू दिले, दूध छान आलं. नारळाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची, मग कोरडी लागत नाही. पोटालाही बरी.

नागपूरचा_बंड्या
मावशी, तुम्ही म्हणताय ते अळीव. बारीक, लालसर, पाण्यात घातलं की बुळबुळीत होतं. अळशी म्हणजे आमचं जवस. दोन्ही वेगळी.
मृण्मयीताई, आमच्याकडे विदर्भात जवस कुणी नुसतं चघळत नाही. चटणी करतात. मंद आचेवर भाजायचं, तडतडायला लागलं की लगेच उतरवायचं, गार झालं की लसूण, तिखट, मीठ घालून मिक्सर थांबवत-थांबवत फिरवायचा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. भाकरीवर ही चटणी आणि वरून जवसाचं तेल. माझी आजी आयुष्यभर हेच खात होती.

फिट_अमेय
भाजलं की ओमेगा ३ संपलं. जवस कच्चंच खायला हवं. मी आठ महिने कच्चं खातोय, कोलेस्टेरॉल उतरलं.

नागपूरचा_बंड्या
आठ महिन्यांत तुम्ही अजून काय काय बदललंत तेही सांगा. चालायला लागलात का? तळलेलं सोडलंत का?

फिट_अमेय
चालतो, हो. पण जवसही खातो.

मृण्मयी_क
तुमचं भांडण नंतर. सांगते. तिन्ही अख्खे, दोन-दोन चमचे, एका डब्यात मिसळून ठेवलेत. भिजवत नाही, ऑफिसच्या गडबडीत वेळ कुठे? सकाळी सहाला गोळीबरोबर कोरडेच तोंडात टाकते आणि वर अर्धा ग्लास पाणी. तीळ पांढरे, पॉलिशचे. दिवसभरात पाणी चार-पाच ग्लास होत असेल.

स्वाती_आहार
आता बोलता येईल. एकेक घेते.
जवसाचं कवच कडक आणि गुळगुळीत असतं. दाताखाली फुटलं नाही तर पोटातही फुटत नाही, आतलं तेल आतच राहतं. तुम्हाला जे दिसतंय ते तेच. म्हणून जवसाची पूड करा. पण चार दिवस पुरेल एवढीच, झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये. याचं तेल हवा लागून लवकर खराब होतं. रंगकामाला वापरतात ते अळशीचं तेल याच जातीचं, हवेत वाळतं म्हणूनच ते वापरतात. पुडीला रंगाच्या डब्यासारखा वास आला किंवा जिभेवर कडवट लागलं तर टाकून द्या. आणि अमेय, हलकं भाजल्याने ओमेगा संपत नाही. करपवलं तर मात्र चव आणि तेल दोन्ही जातं.
चिया कोरडे अजिबात नकोत. स्वतःच्या वजनाच्या दहापट तरी पाणी ओढतात. एका माणसाने चमचाभर कोरडे चिया गिळून वर पाणी प्यायलं आणि ते अन्ननलिकेत फुगून अडकले, अशी नोंद अमेरिकेत २०१४ मध्ये एका वैद्यकीय परिषदेत मांडली गेली. एक चमचा चिया वाटीभर पाण्यात किंवा ताकात घाला, दहा मिनिटांनी ढवळा, गुठळ्या मोडा, मग अर्धा तास ठेवा.
पोट गच्च होण्याचं कारण मला इथेच दिसतं. इतका चोथा एकदम वाढवला आणि पाणी चार-पाच ग्लास, तर तो मऊ न होता आत दाटून बसतो. सुरुवात एका चमच्याने आणि पाणी वाढवून करा.
आणि गोळी कसली ते लिहिलं नाहीत.

नागपूरचा_बंड्या
चिया म्हणजे सब्जाच ना? फालुद्यातला? आपल्याकडचा असताना परदेशातलं कशाला घ्यायचं?

सुमनमावशी
हो, सब्जाच. थंडावा देतो.

स्वाती_आहार
नाही. सब्जा एकसारखा काळा असतो आणि दोन-चार मिनिटांत फुगतो. चिया करडे, पांढरट-काळे ठिपके असलेले, हळू फुगतात. मूळचे मेक्सिकोकडचे. सब्जा खायला हरकत नाही, पण ओमेगा ३ साठी घ्यायचं तर चिया किंवा जवस. दोन्हींची गरज नाही, स्वस्त जवसावरही भागतं.

मृण्मयी_क
थायरॉईडची गोळी. ७५ ची. पण त्याचा काय संबंध? मागच्या महिन्यात टीएसएच वाढलाय म्हणून डॉक्टर डोस वाढवू म्हणत होते, ते वेगळंच.

स्वाती_आहार
ते वेगळं नाही. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. सोबत चोथा गेला तर ती नीट शोषली जात नाही. थायरॉईड कमी पडलं की टीएसएच वाढतो आणि बद्धकोष्ठताही वाढते, म्हणजे दोन्ही बाजूंनी तेच. बिया सुरू करायच्या आधीचा टीएसएच काय होता?

मृण्मयी_क
थांबा, फाईल काढते.
जानेवारीत ३.१. मार्चअखेरीस ८.४. आणि बिया मी फेब्रुवारीच्या मध्यापासून खातेय.

स्वाती_आहार
तारखा जुळतायत. तरी याच एका कारणाने झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, गोळी चुकली किंवा दुसरं औषध सुरू असलं तरीही वाढतो. गोळीनंतर निदान तासभर फक्त पाणी. बिया दुपारच्या जेवणात न्या. कॅल्शियमची गोळी असेल तर ती चार तास लांब ठेवा. डोस स्वतः बदलू नका, डॉक्टरांना हे सकाळचं सगळं सांगा. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली की कळेल.

मृण्मयी_क
कॅल्शियमची गोळी बंद केली होती, तीळ खातेय म्हणून.

स्वाती_आहार
ती तिळाच्या भरवशावर बंद करू नका. तिळाचं बरंचसं कॅल्शियम सालात असतं, पॉलिशमध्ये ते निघून जातं. आणि सालातलं जे असतं त्यातलंही पुष्कळ ऑक्झलेटने बांधलेलं, शरीराला थोडंच मिळतं. किराणा दुकानात गावठी, बिनपॉलिशचे तीळ मागा. मळकट दिसतात आणि थोडे कडसर लागतात. भाजून कुटा, कोशिंबिरीत किंवा बाजरीच्या भाकरीला लावा. पण कॅल्शियमसाठी दूध-दही आणि नाचणी आहारात ठेवा.

फिट_अमेय
काळे तीळ जास्त चांगले, पांढरे घेऊच नका.

नागपूरचा_बंड्या
काळे कुठले? साल असलेले पांढरेही मिळतात. रंगावर जाऊ नका.

मृण्मयी_क
पाच दिवसांनी लिहितेय. डबा रिकामा केला. गोळी सहाला, चहा सव्वासातला. दुपारी एक चमचा जवसाची चटणी, पाणी आठ ग्लास. काल आणि आज पोट साफ झालं. चिया सध्या बंद ठेवलेत. डॉक्टरांना सकाळचं सगळं सांगितलं. त्यांनी डोस तसाच ठेवून सहा आठवड्यांनी टीएसएच करायला सांगितलाय.
बंड्या, चटणीत लसूण कच्चा घालायचा की भाजून? माझी दुसऱ्याच दिवशी ओलसर झाली.

नागपूरचा_बंड्या
सालासकट, तव्यावर कोरडा करून. कच्च्या लसणाला पाणी सुटतं.